आईच्या निवृत्तीला घड्याळ: डायल केवढी, पट्टा कसला, मागे काय कोरायचं?

मुक्ता_डिचोली
नमस्कार मंडळी. आई ३१ मेला निवृत्त होतेय. प्राथमिक शाळेत मराठी शिकवण्यात तिची ३४ वर्षं गेली. मी आणि भाऊ मिळून तिला घड्याळ देणार आहोत, दहा-बारा हजारांपर्यंत. आत्ता तिच्या हातात आहे ते लग्नातलं. सोनेरी, आणि डायल जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी. वेळ बघायची झाली की आधी चष्मा शोधते, मग घड्याळ, आणि शेवटी मलाच विचारते.

अडचणी अशा. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं, दुसरा अजून व्हायचाय. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, डब्याचं झाकण फिरवतानासुद्धा कळ येते. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असल्यामुळे हाताला जरा काही लागलं की निळं पडतं.

काल पणजीत १८ जून रस्त्यावर एका दुकानात गेले. 'आईसाठी' म्हटल्याबरोबर माणसाने लेडीजचा ट्रे काढला. खडे, शिंपल्याची डायल, बांगडीसारखा पट्टा. त्यातल्या निम्म्या घड्याळांत मलाच वेळ दिसली नाही, आणि मी अजून चाळिशीच्या आत आहे. काय बघून घ्यावं? मागे नाव-तारीख कोरून घ्यायचीही हौस आहे.

वाळपईचो_बाबलो
सरळ स्मार्टवॉच घे गे बाय. माझ्या बाबांना दिलं. पावलं मोजतं, ठोके मोजतं, पडले तर फोन लावतं. आकडे हवे तेवढे मोठे करता येतात.

मुक्ता_डिचोली
@बाबलो, बाबांचं रोज रात्री चार्जिंगला कोण लावतं?

वाळपईचो_बाबलो
मी. 😐

जुनें_घर
आमच्या वडिलांकडे एचएमटी जनता होतं. पांढरी डायल, काळे आकडे, रोज सकाळी चहाबरोबर चावी. २०१६ मध्ये सरकारने कंपनी बंद करायचा निर्णय घेतला तेव्हा वडील दोन दिवस गप्प होते. आजही चांगल्या स्थितीतलं जुनं जनता मिळतं. आईला तेच द्या. सेलची भानगड नाही आणि वाचायला त्याच्यासारखं दुसरं नाही.

रेखांश
@जुनें_घर, वाचण्याबद्दल शंभर टक्के मान्य. पण चावीचं घड्याळ म्हणजे ती बारकी गुंडी रोज दोन बोटांत धरून वीस-पंचवीस वेळा फिरवायची. मुक्ताताईंच्या आईचा नेमका तोच अंगठा दुखतोय. आठवड्याभरात घड्याळ कपाटात जाईल. ऑटोमॅटिकचंही तेच. दोन दिवस हातात घातलं नाही की थांबतं, आणि मग वेळ-तारीख परत लावा. निवृत्त माणूस रोज घड्याळ घालेलच असं नाही. इथे सेलवरचं किंवा उजेडावर चालणारं बरं.

आता डायल. दुकानात सगळे आकार बघतात, पण वाचता येणं जास्त काट्यांवर ठरतं. भेटवस्तू म्हणून विकली जाणारी बरीच घड्याळं सोनेरी डायलवर सोनेरी काटे अशी असतात, किंवा चांदीच्या रंगावर चकचकीत स्टीलचे काटे. चकचकीत काटा आरशासारखा असतो. समोर पांढरी भिंत आली की पांढरा, काळोख आला की काळा. डायलही तशीच असली की काटा त्यात विरून जातो. तरण्या डोळ्याला हे जाणवत नाही. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यात उजेड पसरतो, त्याला हमखास जाणवतं.

तेव्हा पांढरी किंवा दुधाळ, न चमकणारी डायल. काटे काळे किंवा गडद निळे. तासकाटा आणि मिनिटकाटा यांच्या लांबी-जाडीत ढळढळीत फरक. मिनिटकाटा कडेच्या मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचलेला. बाराही आकडे १, २, ३ असे साधे. नुसत्या ठिपक्यांच्या डायलवर वेळ अंदाजाने सांगावी लागते. सेकंदाच्या लहान चकत्या नकोत. तारखेची खिडकी तिला वाचता येणार नसेल तर ती नसलेलीच बरी, उगाच ३ चा आकडा खाते.

आणखी एक. ऑपरेशनमध्ये बसवलेली लेन्स लांबचं बघायची असेल तर मनगटाच्या अंतरावरचं तिला चष्म्याशिवाय धूसरच दिसणार. म्हणून घड्याळ तिच्या हातावर, चष्मा काढून, दुकानातले प्रखर दिवे टाळून बघा. दाराशी या, तिला तोंड फिरवायला सांगा, गुंडी ओढून वेळ बदला आणि झटकन विचारा. दहा वेळा विचारलंत तर कळेल. १०:१० वर लावलेलं घड्याळ कोणीही वाचतो, दुकानात म्हणूनच तसं लावलेलं असतं. ७:३७ आणि १२:०३ विचारा.

तिरसट_तिसवाडी
बाईंची तोंडी परीक्षा. ३४ वर्षांचा सूड.

मुक्ता_डिचोली
😂 @रेखांश, मग आकार किती? तिचं मनगट बारीक आहे. पुरुषांचं घड्याळ दिलं तर थाळीसारखं दिसेल.

रेखांश
मनगट मोजलंत का? टेलरच्या टेपने, संध्याकाळी. सकाळी मोजू नका. दिवसभरात हात थोडे सुजतात, आपल्या हवेत तर जास्तच. सकाळच्या मापाने घेतलेला पट्टा संध्याकाळी काचतो.

मुक्ता_डिचोली
मोजलं. सकाळी १४.८ सें.मी., संध्याकाळी १५.३. एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

रेखांश
मग ३४ ते ३६ मि.मी. डायल मजेत बसेल. 'लेडीज' म्हणून विकतात ती २६-२८ ची असतात, तिथेच सगळा घोळ आहे. ट्रेवर काय लिहिलंय ते विसरा. पण नुसती रुंदी बघू नका. पट्टा जिथे अडकतो त्या वरच्या शिंगापासून खालच्या शिंगापर्यंतची लांबी मोजा. ती मनगटाच्या सपाट भागापेक्षा जास्त असली तर शिंगं बाहेर लोंबतात आणि घड्याळ डुलतं. १५ सें.मी.च्या मनगटाला ही लांबी ४२ मि.मी.च्या आत असावी. घरी पुठ्ठ्याची चकती कापून हातावर ठेवून बघा. आईला सांगा नातवाचा प्रोजेक्ट आहे.

प्राजक्त_मडगाव
काच सफायरच घ्या. ओरखडा पडत नाही आणि वाचायला सगळ्यात स्पष्ट.

रेखांश
@प्राजक्त, पहिलं बरोबर, दुसरं अर्धं. ओरखडे पडत नाहीत हे खरं. पण आतून प्रतिबिंब मारणारा लेप नसेल तर सफायर साध्या काचेपेक्षा जास्त चमकते आणि डायलऐवजी ट्यूबलाइट दिसते. लेप आहे का विचारा. नसेल तर सपाट साधी काच परवडली.

वसुधा_फोंडा
मी निवृत्त नर्स. पट्ट्याबद्दल बोलते, कारण दुकानात त्याकडे कोणी बघत नाही.

रक्त पातळ करायची गोळी आणि पिकलेली कातडी म्हणजे कागदासारखं काम. सर्वांत वाईट तो ताणला जाणारा स्प्रिंगचा धातूचा पट्टा. बकल नाही म्हणून सोपा वाटतो, लोक म्हाताऱ्यांना हौसेने तोच देतात. पण तो पंजावरून ओढून काढताना कड्यांत कातडी चिमटते. वॉर्डात अशी सोललेली मनगटं मी बघितली आहेत. साधी साखळीही बघून घ्या. आतून बोट फिरवा, कुठे कड लागते का.

दुसरी अडचण बंद करण्याची. मुक्ता, तुझ्या आईला बकलचा पट्टा ओढून काटा भोकात घालायला चिमूट लागणार, आणि तिचं दुखणं नेमकं चिमटीत आहे. दोन्ही बाजूंनी बटणं दाबायची फुलपाखरासारखी घडी असते, तिलाही चिमूटच. माझ्या बहिणीला शेवटी एकाच बाजूला उघडणारी घडी लावून दिली. भोक एकदा ठरवलं की ठरलं. बंद करताना टेबलावर मनगट टेकवून वरून तळहाताने दाबायचं, टक्. उघडताना कड वर ओढायची. अंगठ्याचं काम नाही.

जाळीदार
आजकाल लोहचुंबकाचा जाळीचा पट्टा मिळतो की. टेकवला की चिकटतो. त्याहून सोपं काय?

वसुधा_फोंडा
सोपा खरा, आणि सूज येईल तसा सैल-घट्ट करता येतो. पण घरात कोणाला पेसमेकर असेल तर जपायचं. असं चुंबक छातीपासून वीतभर तरी लांब ठेवायला सांगतात, आणि घड्याळाचा हात उशाशी, छातीशी जातोच. मुक्ताच्या आईला स्टेंट असेल तर ती वेगळी गोष्ट, तरी डॉक्टरांना एकदा विचारावं. शिवाय बारीक जाळीत हातावरचे केस अडकतात. आणि चिकटपट्टीचा, चर्रर्र करून उघडणारा पट्टा मी सुचवणारच होते, पण मास्तरीणबाई साड्या नेसत असतील. रेशमी साडीचा धागा एकदा त्यात अडकला की झालं.

मुक्ता_डिचोली
पेसमेकर नाही. साड्या मात्र रोज. आणि चामड्याचा पट्टा?

तिरसट_तिसवाडी
जूनमध्ये कपाटात ठेव, जुलैत त्यावर आळंबी काढ, ऑगस्टमध्ये तोणाक कर.

वसुधा_फोंडा
तिरसटरावांनी गंमत केली, पण खरंय ते. आपल्या पावसात चामड्याला बुरशी येते, घामाने आतून वास मारतो, आणि ओला पट्टा दिवसभर राहिला की कातडी लाल होते. तरी उन्हाळा-हिवाळ्यात मऊ, अस्तर असलेलं चामडं या कातडीला सगळ्यात प्रेमळ. दोन पट्टे घ्यायचे. पावसाळ्यात मऊ रबराचा, एरवी चामड्याचा. मागे छोटी खिटी असलेल्या पिनेचे पट्टे मिळतात, नखाने खिटी सरकवली की घरी बदलतात. तुम्ही बदलून द्या, आईला सांगू नका.

बाय_केपें
माझ्या सासूबाईंना पांढरं घड्याळ दिलं. चार महिन्यांत मागे हिरवं पडून हाताला पुरळ. दुकानदार म्हणे, घामामुळे.

खोदकाम_म्हापसा
घाम निमित्त, कारण धातू. मागचं झाकण भिंगाने वाचा. बऱ्याच घड्याळांवर इंग्रजीत लिहिलेलं असतं, बेस मेटल बेझल, स्टेनलेस स्टील बॅक. म्हणजे झाकण स्टीलचं, पण बाकीची पेटी पितळेसारख्या धातूची, वर मुलामा. मुलामा झिजला की खालचं हिरवं होतं. पूर्ण पेटी स्टीलची असेल तर तसं लिहिलेलं असतं.

आता माझा धंदा. ट्रॉफ्या, नामफलक, घड्याळांची झाकणं. निवृत्तीचा सिझन म्हणजे आमची दिवाळी. सर्वांत जास्त चुका कुठे होतात ते सांगतो.

एक, देवनागरी. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर 'सेवानिवृत्ती' लिहून पाठवतं. खोदायच्या बऱ्याच मशिनांच्या सॉफ्टवेअरला मराठी जोडणी येत नाही. 'नि' ची वेलांटी उलट्या बाजूला जाते, 'वृ' सुटतो, 'त्ती' फुटतो. एका शब्दात तिन्ही अपघात. कारागिराला मराठी वाचता येत नसेल तर तसंच कोरून देतो, आणि स्टीलवरचं पुसता येत नाही. म्हणून मजकूर टाइप करून पाठवू नका. अक्षरांचे आकार करून, म्हणजे ज्याला आम्ही कर्व्ह म्हणतो, त्याची पीडीएफ द्या, आणि कोरण्याआधी पडद्यावरचा फोटो मागा.

दोन, उंची. झाकणाच्या कडेने कंपनीचं लिहिलेलं असतं, मधे मोकळी जागा मिळते ती साधारण रुपयाएवढी. त्यात लोक चार ओळी घालतात. इंग्रजी अक्षर दीड मिलिमीटरला चालतं. मराठीत वर वेलांटी, खाली उकार, मधे गाठी. दोन मिलिमीटरच्या खाली 'क्ष', 'द्ध' नुसते डाग दिसतात. अडीच मिलिमीटर धरा आणि दोन-तीन छोट्या ओळींत संपवा.

तीन, झाकण. आतली यंत्रं दिसणारं काचेचं झाकण असेल तर कोरायला जागाच नाही. दाबून बसणाऱ्या झाकणाला बहुधा खाच असते, ते दर वेळी त्याच जागी बसतं. फिरवून लावायचं झाकण मात्र जिथे घट्ट होईल तिथे थांबतं. सरळ कोरलं तरी घड्याळजी सेल बदलून लावेल तेव्हा अक्षरं चार अंश तिरकी बसतील. मी आधी घड्याळ बंद असताना बाराची खूण करून घेतो. पुढचं माझ्या हातात नाही.

आणि झाकण एकदा उघडलं की पाणी अडवणारी रबरी कडी नीट बसली आहे का बघायलाच हवं. वॉरंटी असेल तर कंपनीच्या केंद्रात उघडून घ्या.

जुनें_घर
कडी बसवली की झालं. ३० मीटर लिहिलेलं असलं तर आंघोळीलाही चालतं.

खोदकाम_म्हापसा
नाही हो. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेले थेंब. बादलीत हात घालायचा असेल तर ५० तरी हवं, पोहायला १००. आणि साबण-गरम पाण्याने कडी लवकर मरते ते वेगळंच. आंघोळीला काढून ठेवावं.

खात्यातला_माणूस
तारीख कोरणार असाल तर आदेश वाचून कोरा. सरकारी नियमात महिनाअखेरीस निवृत्ती असते, आणि जन्म १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आमच्याकडे एका साहेबांच्या घड्याळावर १ जून कोरलं होतं. फाइलीत ३१ मे. निरोप समारंभात त्यांनी स्वतःच चूक दाखवली.

तिरसट_तिसवाडी
त्या पिढीत अर्ध्या गोव्याचा वाढदिवस १ जून. शाळेत घालताना मास्तरांनी लावलेला.

मुक्ता_डिचोली
आईचाही १ जून! आजी सांगते पावसात जन्मली, बाकी देवाला ठाऊक.

@खोदकाम_म्हापसा, एक कल्पना आली. आईच्या शाळेतल्या एका मुलीने आपली जुनी वही जपून ठेवलीय. त्यात आईने लाल पेनाने 'शाब्बास' लिहिलेलं आहे. ते तिच्याच अक्षरात कोरता येईल का?

खोदकाम_म्हापसा
हे उत्तम. फाँटचा प्रश्नच मिटतो. वहीचा फोटो सरळ वरून, सावली न पाडता काढा, किंवा स्कॅन करा. लाल शाई आणि निळ्या रेघा वेगळ्या करून काळी करतो, मग आकार होतो. अक्षर मोठं ठेवू, पाच-सहा मि.मी. खाली बारीक आकड्यांत ३१ मे आणि वर्ष. बस्स. पण कोरण्याआधी घड्याळ आठवडाभर घालायला द्या. कोरलेलं घड्याळ कोणी बदलून देत नाही.

वसुधा_फोंडा
एक विचारायचं राहिलं. बाई घड्याळ कुठे बांधतात? वरच्या बाजूला की आत, नाडीच्या बाजूला?

मुक्ता_डिचोली
थांबा, बघते.

आत! आयुष्यभर बघतेय आणि लक्षातच नव्हतं. म्हणते, फळ्यावर लिहिताना आणि वर्गात बांगड्यांत अडकत नाही.

वसुधा_फोंडा
मग माझा सल्ला थोडा फिरला. घड्याळ आत म्हणजे बंद करायची घडी वरच्या हाडावर येणार. तिथे कातडी सगळ्यात पातळ. जाड घडी टोचेल आणि निळं पडेल. आणि लिहिताना डायल टेबलाला घासणार, म्हणून पेटी बारीक हवी.

रेखांश
हे मलाही सुचलं नव्हतं. आठ मि.मी.च्या आतली जाडी बघा. उजेडावर चालणारं तर अजिबात नको. आत बांधलं की डायलवर उजेडच कमी पडतो. साधं सेलवालं. आणि अशा वेळी सफायरचं पारडं जड होतं, टेबलावर घासलं तरी ओरखडा नाही. प्राजक्तची माफी.

प्राजक्त_मडगाव
मंजूर.

मुक्ता_डिचोली
उशिरा लिहितेय, क्षमस्व.

शेवटी आईला सोबत नेलं, भावासाठी बघतोय असं सांगून. पुरुषांच्या ट्रेमधलं ३५ मि.मी.चं, साडेसात मि.मी. जाडीचं, पूर्ण स्टील, दुधाळ डायल, निळे काटे, बाराही आकडे. दाराशी उभं करून दहा वेळा विचारलं. चष्म्याशिवाय नऊ बरोबर. नेहमीच्या सोनेरी घड्याळावर तीन. दहाव्या वेळी म्हणाली, "गे, हें माका दिसता. भावाक आनी कितें जाय?" तेव्हा बिंग फुटलं.

घडीचा पट्टा दोन दिवस घातला. वसुधाताई म्हणाल्या तसं हाडावर टोचलं. मग मऊ चामड्याचा साधा बकलवाला लावला, आणि काटा घालायच्या भोकाची लांबट चीर करून घेतली, तर चिमूट कमी लागते. तरी दुखरा दिवस असला की बाबा बांधून देतात. पावसाळ्यातला रबराचा अजून मिळायचाय, १८ मि.मी.चा मऊ कोणाला कुठे दिसला तर कळवा.

'शाब्बास' कोरून झालं. समारंभात उलटं करून दाखवलं तर आई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "श ची गाठ सुटी राहिलीय." देव बरें करूं सगळ्यांक.

खोदकाम_म्हापसा
मूळ वहीत सुटीच आहे, ताई. मी जशीच्या तशी ठेवली.

वाळपईचो_बाबलो
बाबांचं स्मार्टवॉच बंद पडलंय. त्या दुधाळ डायलचं मॉडेल व्यनि कर गे.